बंद घराचं पत्रक

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कोकणातल्या एखाद्या एसटी स्टँडवर सीसीटीव्ही बसवणाऱ्याचं पत्रक हातात पडलं, तर त्यात काय असेल हे न वाचताही सांगता येतं. वर दुकानाचं नाव, मध्ये चार कॅमेऱ्यांचं चित्र आणि खाली यादी: २ मेगापिक्सेल, ४ चॅनेल डीव्हीआर, १ टीबी हार्ड डिस्क, नाइट व्हिजन, मोबाइलवर लाइव्ह, माफक दर. पत्रक घेणारा असतो मुंबईहून आठ-दहा दिवसांसाठी आलेला चाकरमानी. त्याला मेगापिक्सेल नको असतात. विसर्जन झालं की घराला कुलूप लागणार आणि ते शिमग्याला, नाहीतर थेट मे महिन्यात उघडणार, हे त्याच्या मनात असतं. पत्रकात त्याबद्दल अवाक्षर नाही. ते वडापाव बांधायला जातं.

जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्यांकडे यावर एक जुनी रीत आहे: प्रॉब्लेम, अ‍ॅजिटेट, सोल्यूशन. आपण तिला अडचण, टोचणी आणि उपाय म्हणू. आधी वाचणाऱ्याची अडचण त्याच्याच शब्दांत मांडायची. मग ती अंगावर येईल इतकी जवळून दाखवायची. आणि त्यानंतरच आपल्या मालाचं नाव काढायचं. अमेरिकेत टपालाने पाठवायच्या विक्रीपत्रांचा मजकूर लिहिणारे डॅन केनेडी यांनी आपल्या पुस्तकांतून आणि शिबिरांतून या सूत्राचा मोठा प्रसार केला. रीत मात्र त्यांच्याही आधीची. १९२०च्या दशकातल्या लिस्टरिनच्या जाहिराती आठवा. हे मूळचं जंतुनाशक. कंपनीने ते तोंडाच्या दुर्गंधीवर विकायला घेतलं, पण जाहिरातीत बाटलीची गोष्ट शेवटी यायची. आधी यायची लग्न न जमलेली एक देखणी मुलगी, जिला तिच्या तोंडाला वास येतो हे जवळची मैत्रीणसुद्धा सांगत नाही. खप प्रचंड वाढला.

त्याच लिस्टरिनची पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सर्दी आणि घसादुखीवरही ते उपयोगी आहे, असं कंपनी कित्येक वर्षं सांगत राहिली. १९७५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हा दावा खोटा ठरवला आणि लिस्टरिनने सर्दी टळत नाही, हे पुढच्या जाहिरातींत स्वतःच छापण्याचा आदेश दिला. अडचण खरी होती, सर्दी कुणाला होत नाही? टोचणीही बरोबर बसली होती. उपाय त्या अडचणीचा नव्हता.

माझ्या मते या सूत्राची सगळी मेख इथे आहे. टोचणीत लिहिलेल्या प्रत्येक ओळीला उपायात खरं उत्तर हवं, आणि जिला उत्तर नाही ती ओळ कितीही जोरदार असली तरी खोडायची. सीसीटीव्हीच्या धंद्यात तर ही कसोटी फारच कामाची आहे, कारण कॅमेऱ्याकडून लोकांच्या अपेक्षा भलत्याच असतात.

आता काम करून बघू. धरून चाला, संगमेश्वर तालुक्यात कॅमेरे बसवणारा एक तरुण आहे. दोन पोरं हाताखाली, शिडी, ड्रिल मशिन आणि एक मोटारसायकल. वाड्यावाड्यांतली वर्षातले दहा-अकरा महिने बंद असणारी घरं हे त्याचं गिऱ्हाईक. त्याला गणपतीत वाटायला एक पत्रक हवंय.

सूत्र ऐकून त्याने पहिला मसुदा लिहिला तो असा: "सावधान! तुमच्या बंद घरावर चोरांचा डोळा आहे! कडी-कोयंडा उचकटून क्षणात होत्याचं नव्हतं होईल! आयुष्यभराची कमाई मातीमोल! आजच सीसीटीव्ही बसवा, निर्धास्त राहा!"

सूत्राचे तिन्ही भाग यात आहेत आणि तरीही मजकूर फसलेला आहे. आता आपली कसोटी लावा. "कडी-कोयंडा उचकटून" याला कॅमेऱ्याकडे काय उत्तर आहे? कॅमेरा कडी धरून ठेवत नाही. कॅमेऱ्यांमुळे गुन्हे किती कमी होतात, यावरच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या ठिकाणी सरासरी १३ टक्के घट दिसली, आणि सर्वांत ठळक परिणाम वाहनतळांवर होता. म्हणजे परिणाम आहे, पण "निर्धास्त राहा" म्हणावं इतका नाही. दुसरं असं, की चाकरमान्याने आयुष्यभराची कमाई गावच्या घरात ठेवलेलीच नसते. तिथे असतात तांब्याची घंगाळं, दोन पलंग, टीव्ही आणि देवघरातल्या समया. वाचणारा मनात म्हणतो, हे माझ्याबद्दल नाही, आणि पुढे वाचत नाही.

नुसता धाक वाढवून माणूस हलत नाही, याला प्रयोगाचाही आधार आहे. १९५३ साली येल विद्यापीठातल्या जॅनिस आणि फेशबॅक यांनी शाळकरी मुलांना दातांच्या निगेवर कमी-जास्त धाक घालणारी भाषणं ऐकवली. किडलेल्या हिरड्यांची भयानक चित्रं पाहिलेल्या मुलांपेक्षा सौम्य भाषण ऐकलेल्या मुलांनी सल्ला जास्त पाळला. पुढच्या संशोधनात चित्र इतकं सरळ राहिलं नाही. भीतीचा उपयोग होतो असंही दिसलं, पण सांगितलेला उपाय आपल्या आवाक्यातला आहे आणि लागू पडेल, असं ऐकणाऱ्याला वाटावं लागतं. ते वाटलं नाही तर माणूस धोक्याकडेच पाठ फिरवतो.

मग अडचण शोधायची कुठे? गिऱ्हाइकाच्या पहिल्या फोनमध्ये. या तरुणाने आजवर आलेल्या फोनवर लोक पहिलं वाक्य काय बोलले, ते आठवून लिहून काढावं. "चोरी झाली" असे फार थोडे निघतील. जास्त निघतील ते असे: "मागीलदार उघडं होतं म्हणे, शेजारचे काका आत्ता सांगतायत." "वानरांनी कौलं सरकवली, सगळं पाणी माजघरात." "कोण येऊन गेलं कळायला मार्ग नाही." या सगळ्यांचं मूळ एकच आहे. घराची खबर उशिरा कळते. चोरी हा त्यातला एक भाग झाला. आणि खबर देणं हे काम कॅमेरा खरोखर करतो.

अडचणीची ओळ त्यामुळे छोटी होते: कुलूप लावून गेलात, की घराची खबर तुम्हाला कोण देणार?

आता टोचणी. नवशिक्याला वाटतं, टोचणी म्हणजे उद्गारचिन्हं. खरं तर टोचणी म्हणजे तपशील. "मोठं नुकसान होईल" याने कुणाला काही होत नाही. पण आढ्याजवळची चार कौलं सरकली आहेत, खालून जाणाऱ्याला ती दिसत नाहीत, पाऊस रोज माजघरात उतरतोय आणि गाद्यांना बुरशी धरलीय, हे वाचताना ज्याने असं घर उघडलंय त्याच्या नाकाला तो कुबट वास येतो. इथे वेळ हा तपशीलही महत्त्वाचा आहे. जुलैत झालेली गोष्ट गणपतीत कळते, ऑक्टोबरात झालेली शिमग्याला. तोवर कधी झालं, कुणी केलं, काहीच सांगता येत नाही.

एक ओळ मात्र लिहायची नाही, कितीही मोह झाला तरी. "आपलेच लोक नजर ठेवून असतात", "भाऊबंदांवर विश्वास कसा ठेवणार?" अशा ओळी कोकणात टोचतात हे खरं, बांधावरून, विहिरीवरून कोर्टात गेलेली घरं कमी नाहीत. पण मोबाइलवर चित्र दिसल्यानंतर मुंबईतला माणूस करणार काय? शेजारच्या काकांनाच फोन करणार. त्यांनाच चोर ठरवणारं पत्रक आपल्या उपायाचा अर्धा भाग कापून टाकतं. शिवाय हे पत्रक काकांच्याही हातात पडणार आहे.

उपायाकडे वळू. इथे कॅमेरे बसवणाऱ्याचं ज्ञान लागतं, कारण टोचणीतली प्रत्येक ओळ इथे फेडायची आहे. आत वाडीत बहुतेक ठिकाणी केबलचं इंटरनेट नाही. तेव्हा सिमवर चालणारा एक राउटर आणि त्याला जोडलेले तीन वाय-फाय कॅमेरे: एक पुढच्या पडवीत, एक मागीलदारी, एक माजघरात. माजघरातला कॅमेरा चोरासाठी नाही, पाण्यासाठी आहे. जोराचा पाऊस झाला की मुंबईतून जमीन ओली आहे का ते बघायचं. जांभ्याच्या जाड भिंतीतून वाय-फाय नीट जात नाही, म्हणून राउटर कुठे ठेवायचा हे घर बघितल्याशिवाय ठरवता येत नाही.

बहुतेक पत्रकं नेमकी इथे थाप मारतात: "सगळं रेकॉर्ड होतं, कधीही येऊन बघा." हिशेब करून बघा. कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिटने अखंड रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला साधारण ११ जीबी भरतात. १२८ जीबीचं कार्ड अकरा-बारा दिवसांत भरतं आणि मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. म्हणजे जुलैतल्या घटनेचं रेकॉर्डिंग गणपतीत येऊन शोधणाऱ्याला काहीही मिळणार नाही. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं, असं ठरवलं तर मुदत वाढते, पण अंगणातलं गवत वाऱ्याने हललं तरी कॅमेऱ्याला ती हालचालच वाटते. तेव्हा उत्तर रेकॉर्डिंगमध्ये नाही, त्याच क्षणी मोबाइलवर येणाऱ्या सूचनेत आहे. तीही फक्त माणूस दिसला तर येईल, अशी लावून दिलेली हवी. नाहीतर वानरं आणि कुत्री दिवसाला पन्नास सूचना पाठवतात, आणि आठवड्याभरात मालक वैतागून सूचना बंद करून टाकतो. कॅमेरा चालू, मालक बेखबर. टोचणीतली अडचण परत दारात उभी.

चेहऱ्याचंही तसंच. माणूस आहे हे कळणं आणि कोण आहे हे ओळखता येणं यांत बरंच अंतर आहे. कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात अनोळखी माणसाची ओळख पटवायला चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल धरतात. २ मेगापिक्सेलचं चित्र १,९२० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे साडेसात मीटर रुंदीच्या पट्ट्यापुरतंच ते पुरतं. घरगुती कॅमेऱ्याच्या रुंद भिंगाने हा पट्टा तीन-चार मीटरवरच संपतो. वासा गाठून खूप उंच लावलेला कॅमेरा तर टोपी आणि टाळू दाखवतो. तेव्हा "गेटपर्यंत स्पष्ट चेहरा" ही ओळ खोडायची आणि "दारापाशी आलेल्याचा चेहरा" असं लिहायचं. तेही कॅमेरा दाराच्या जवळ आणि बेताच्या उंचीवर लावला तरच.

आणि लाइट. पावसाळ्यात ती जाते, कधी दोन-दोन दिवस जाते. राउटर आणि तीन कॅमेरे मिळून साधारण २५ वॅट खातात. १५० अँपियर-अवरची चांगली बॅटरी असलेला इन्व्हर्टर, त्याची स्वतःची खपत धरून, हे सगळं साधारण एक दिवस चालवतो. पण बंद घरातल्या बॅटरीत पाणी कोण टाकणार? तेही काकांनाच सांगावं लागतं. सौर कॅमेऱ्याचा पर्याय उन्हाळ्यात छान. आठ-दहा दिवसांच्या सलग झडीत मात्र त्याची बॅटरी नीट भरत नाही, आणि आपल्याला खबर नेमकी तेव्हा हवी असते.

या मर्यादा पत्रकात लिहायच्या का? दुकानदार हमखास म्हणतो, गिऱ्हाईक पळेल. मला उलट वाटतं. भीती दाखवल्यावर माणूस उपाय तपासून बघतो, आणि गावचं घर असलेल्याला लाइट आणि नेटवर्क आपल्याला सांगायची गरज नाही. दोन मर्यादा आपणहून सांगणाऱ्यावर त्याचा बाकीचा विश्वास बसतो. कायद्याची बाजूही आहेच. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबईच्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या संहितेतही ग्राहकाच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नये, असं म्हटलंय. वाडीतल्या पत्रकापर्यंत कुणी येणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण त्या वाडीत त्याच माणसाला पुढच्या वर्षीही काम करायचंय.

तर शेवटचा मसुदा असा झाला:

कुलूप लावून गेलात, की घराची खबर तुम्हाला कोण देणार?

वानरांनी आढ्याजवळची चार कौलं सरकवली, तर पाखाडीवरून जाणाऱ्याला ती दिसत नाहीत. पाणी माजघरात उतरतं, गाद्यांना बुरशी धरते. मागीलदार उघडं दिसलं, तर लोकांना वाटतं मुंबईहून कुणी आलं असेल. तुम्हाला कळतं ते कुलूप काढल्यावर. तोवर किती दिवस झाले, कोण आलं होतं, काहीच सांगता येत नाही.

आम्ही तुमच्या घरी तीन कॅमेरे बसवतो: पडवीत, मागीलदारी आणि माजघरात. दारापाशी माणूस आला की तुमच्या मोबाइलवर तेव्हाच सूचना आणि चित्र येतं. पाऊस लागला की माजघर तुम्ही मुंबईतून बघू शकता. तुमच्या विश्वासातल्या शेजाऱ्याच्या मोबाइलवरही हीच सोय करून देतो. कॅमेरा शेजाऱ्यांच्या अंगणात किंवा विहिरीकडे रोखत नाही.

लाइट गेली तर इन्व्हर्टरवर साधारण एक दिवस चालेल. नेटवर्क गेलं तर सूचना येणार नाही. कॅमेरे चोराला अडवत नाहीत, तुम्हाला वेळेवर कळवतात.

आधी तुमच्याच घरात मोबाइलवर चित्र लावून दाखवतो, खर्च लिहून देतो. नेटवर्क पुरत नसेल तर काम घेत नाही. गणपतीत तुम्ही गावी आहात तोवरच फोन करा, म्हणजे समोर उभं राहून जागा ठरवता येईल.

मेगापिक्सेल, चॅनेल, टीबी यांतलं यात काहीच नाही. ते मागच्या बाजूला बारीक टाइपात छापा, विचारणारे विचारतातच. "गणपतीत तुम्ही गावी आहात तोवर" ही घाईसुद्धा खरी आहे. "फक्त तीन दिवस सवलत" छापण्यापेक्षा ती कितीतरी बरी, कारण मालक परत गेल्यावर जागा दाखवायला घरात कुणी नसतं.

पत्रक लागू पडलं की नाही, हे फोनच्या संख्येवरून लगेच कळत नाही. फोन करणाऱ्याच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. "किती एमपीचा आहे? चार कॅमेऱ्यांचे किती?" असं विचारलं, तर त्याने पत्रक चाळलं आणि तो आता चार दुकानांचे भाव गोळा करतोय. "आमचं घर खालच्या वाडीत आहे, तिथे रेंज दोनच काड्या येते, चालेल का?" असं विचारलं, तर अडचण त्याची होती, टोचणी बसली आणि उपायाची मर्यादाही त्याने वाचली. असे दहा फोन पहिल्या प्रकारच्या चाळीस फोनांपेक्षा जास्त कामं देतात, असं माझं मत आहे. आणि "कौलांचं काम करता का?" असे फोन यायला लागले, तर टोचणी उपायापेक्षा वरचढ झाली असं समजावं. मग कौलांची ओळ लहान करून दाराची आधी घ्यावी.

हेच पत्रक चिपळूण किंवा रत्नागिरी शहरातल्या सोसायटीत वाटलं तर वाया जाईल. तिथल्या फ्लॅटमध्ये माणसं राहतात, इंटरनेट आहे, खबर शेजारी पाच मिनिटांत देतो. तिथली अडचण वेगळी आहे: दुपारी एकट्या असलेल्या आईने कुणालाही दार उघडणं, नाहीतर खाली लावलेल्या गाडीला कुणी ओरखडा काढला ते न कळणं. त्या अडचणीसाठी पहिल्या फोनपासून सुरुवात करून दुसरं पत्रक लिहावं लागेल. आणि ज्या वाडीत कुठल्याही कंपनीची रेंज येत नाही, तिथे हे पत्रक वाटूच नये. तिथे काकांना घराची किल्ली आणि महिन्याला काही पैसे देणं हाच खरा उपाय आहे.